गेमिंग क्लबचं स्वागताचं भाषण: नव्या मुलांना आठवड्याचे कार्यक्रम कसे सांगावेत

कॉलेजात क्लबांच्या ओरिएंटेशनच्या दिवशी गेमिंग क्लबला साधारण दहा मिनिटं मिळतात. ती बहुतेकदा दोन गोष्टींत वाया जातात. पहिली म्हणजे ट्रॉफ्यांची यादी: कुठल्या फेस्टमध्ये कितवा नंबर आला, कोण कुठल्या रँकला आहे. दुसरी म्हणजे खेळांच्या नावांची यादी: ‘आपल्याकडे बीजीएमआय आहे, व्हॅलोरंट आहे, टेकन आहे, बोर्ड गेम्सपण आहेत.’ पहिली यादी ऐकून नवखा मुलगा समजतो की हे काम मुरलेल्या खेळाडूंचं आहे. दुसरी यादी ऐकून त्याला काहीच समजत नाही, कारण कुठे, कधी आणि कोणाकडे जायचं हे त्यात नसतंच.

या भाषणाकडून एकच अपेक्षा ठेवावी. ऐकणाऱ्याने येत्या आठवड्यातल्या एका संध्याकाळी यावं, आणि येताना आत गेल्यावर काय होणार हे त्याला आधीच ठाऊक असावं. शब्द, क्रम आणि वेळ हे सगळं याच हिशेबाने ठरवायचं.

पुढची सगळी मांडणी एका नमुन्यावर आहे. मुंबईच्या उपनगरातलं इंजिनीअरिंग कॉलेज समजा. सेमिनार हॉलमध्ये दीडशे मुलं-मुली, त्यातली निम्म्याहून जास्त लोकलने ये-जा करणारी, बाकीची होस्टेलची. शेवटचं लेक्चर पावणेपाचला संपतं. क्लबचे आठवड्याचे चार कार्यक्रम असे:

- मंगळवार, ५:१५ ते ७:१५, कॅन्टीनची मागची बाजू: टेबलावरचे खेळ
- बुधवार, ५:१५ ते ७:३०, रिक्रिएशन रूम: टेकन ८ आणि ईए एफसी, दोन कन्सोल
- शुक्रवार, रात्री ९:३०, ऑनलाइन: बीजीएमआयची कस्टम रूम
- शनिवार, रात्री ९:००, ऑनलाइन: व्हॅलोरंट, बोलणं डिस्कॉर्डवर

आधी वेळेचा हिशेब

दहा मिनिटं मिळाली तरी भाषण सहा मिनिटांचंच लिहा. आधीच्या क्लबने तुमची दोन मिनिटं खाल्लेली असतात आणि माइक, लॅपटॉप, प्रोजेक्टर यांत आणखी एक जातं. मोठ्या हॉलमध्ये सावकाश, मागच्यांना ऐकू जाईल असं मराठी बोललं तर मिनिटाला ११०च्या आसपास शब्द होतात. म्हणजे सहा मिनिटांचं भाषण साडेसहाशे शब्दांचं. कागदावर हजार शब्द लिहिले तर तोंडाचा वेग वाढतो, आणि त्या घाईत नेमक्या वेळा आणि जागाच गिळल्या जातात.

साडेसहाशेची वाटणी अशी करा: सुरुवातीला साठ, क्लबमध्ये कोण येऊ शकतं यासाठी नव्वद, आठवड्याच्या कार्यक्रमांना तीनशे, नियमांना शंभर आणि पुढे काय करायचं यासाठी शंभर. निम्मं भाषण कार्यक्रमांवर गेलं पाहिजे. मसुद्यात तसं दिसत नसेल तर क्लबच्या इतिहासाचे परिच्छेद कापा. कार्यक्रमांचा भाग तसाच राहू द्या.

सुरुवात

‘आदरणीय व्यासपीठ’ आणि पाहुण्यांची नावं ही अँकरची कामं आहेत, ती त्याच्यावरच सोडा. फॅकल्टी को-ऑर्डिनेटर समोर असतील तर त्यांचा एकदा उल्लेख पुरे. पहिल्या वाक्यात ट्रेलरसारखा आवाज काढून ‘आर यू रेडी’ ओरडण्याचाही मोह होतो. पुढे बसलेले चार जण ओरडतात आणि बाकीचे आणखी गप्प होतात. ज्यांना बोलवायचं आहे ते नेमके गप्प बसलेले असतात.

त्याऐवजी हॉलमध्ये खरोखर कोण बसलंय ते बोला. तिथे तीन प्रकारची मुलं असतात: रोज खेळणारी, पूर्वी खेळणारी पण बारावी-सीईटीत सुटलेली, आणि कॅरम-पत्त्यांपलीकडे कधी न गेलेली. तिघांनाही पहिल्या मिनिटात आपापली जागा दिसली पाहिजे.

> नमस्कार. इथे काही जण रात्री दोनला लॉबीत असतात, ते मला चेहऱ्यावरून दिसतंय. काहींचा फोन सीईटीच्या वर्षी घरच्यांनी काढून घेतला होता. आणि काहींनी आयुष्यात कंट्रोलर हातात धरलेला नाही. आपल्या क्लबचे आठवड्यात चार कार्यक्रम असतात. त्यातल्या दोनांना स्वतःचं काहीही आणावं लागत नाही, खेळता येत नसलं तरी चालतं. आतापासून पाच मिनिटांत मी तुम्हाला एवढंच सांगणार आहे की कुठल्या दिवशी कुठे यायचं आणि आल्यावर काय होतं.

हे साठ-सत्तर शब्द आहेत. पाच मिनिटांचं वचन दिलंय, ते पाळायचं. नंतर क्लबची ओळख तीन वाक्यांत: सभासदत्वाला फी आहे की नाही, निवड-चाचणी आहे का, कुठल्या शाखेची आणि वर्षाची मुलं येतात. कॉलेजच्या टीमसाठी ट्रायल वेगळी होत असेल तर ते इथेच स्पष्ट सांगा. क्लब आणि टीम हे दोन शब्द नव्यांच्या डोक्यात एकच असतात, आणि ‘आपलं सिलेक्शन होणार नाही’ असं ठरवून ते फॉर्मच भरत नाहीत.

आठवड्याचे कार्यक्रम कसे सांगायचे

प्रत्येक कार्यक्रमाबद्दल चार प्रश्नांची उत्तरं द्या, याच क्रमाने. कधी आणि कुठे? सोबत काय आणायचं? आल्याआल्या पहिल्या दहा मिनिटांत माझं काय होणार? आणि किती वाजता सुटणार? खेळाचं वर्णन या चारांत नाही. खेळ कसा असतो ते तिथे आल्यावर कळतं किंवा आधीच माहीत असतं.

तिसरं उत्तर सगळ्यात महत्त्वाचं, आणि तेच भाषणांत नसतं. नवखा माणूस खोलीच्या दारापर्यंत येतो. आत आठ जण पाठमोरे, एकमेकांना ओळखणारे, स्क्रीनकडे बघून ओरडत असतात. कोणाला विचारायचं हे न कळून तो परत जातो. त्याला स्टेजवरून आधीच सांगितलेलं असावं की दारात कोण भेटेल. म्हणून बोलणारा एकच ठेवा, पण प्रत्येक कार्यक्रमाची जबाबदारी असलेल्याला त्या-त्या वेळी हॉलमध्ये उभं करा. चेहरा लक्षात राहतो.

चौथं उत्तर लोकलने जाणाऱ्यांसाठी आणि मुलींच्या होस्टेलच्या वेळेसाठी. ‘संध्याकाळी असतं’ असं म्हटलं की विरारला किंवा कर्जतला जाणारी मुलगी मनातल्या मनात नाही म्हणते. ‘सव्वासातला आवरतो, मध्येच सहाला उठलात तरी खेळ अडत नाही’ म्हटलं तर तिला हिशेब करता येतो.

चारही कार्यक्रम सारख्या लांबीने सांगू नका. जिथे काही न आणता, काही न येता बसता येतं तो कार्यक्रम पहिला आणि सविस्तर सांगा. नमुन्यात तो मंगळवार आहे.

> मंगळवारी सव्वापाच वाजता, कॅन्टीनच्या मागच्या बाजूला, पाण्याच्या कूलरजवळची चार टेबलं आपली. काहीही आणायचं नाही. ही उभी आहे ना, ही तुम्हाला तिथेच भेटेल आणि विचारेल, ‘किती वेळ आहे?’ अर्धा तास असेल तर तुम्ही कोडनेम्सच्या टेबलावर. त्यात दोन गट असतात, एक डाव पंधरा-वीस मिनिटांत संपतो, आणि नियम ती दोन मिनिटांत सांगते. दीड तास असेल तर कटानच्या टेबलावर. तिथे जास्तीत जास्त चौघं बसतात, त्यामुळे कटान खेळायचं असेल तर साडेपाचच्या आत या. उशीर झाला तर कोडनेम्स आहेच. सव्वासातला आपण खोके बंद करतो.

यातला प्रत्येक आकडा कशासाठी आहे ते पाहा. कटान ३ ते ४ जणांचा खेळ, आणि नवखे असले की दीड तास सहज जातो. पावणेसहाला आलेला माणूस त्यात घुसू शकत नाही, त्याला सव्वासातपर्यंत नुसतं बघावं लागतं. असा माणूस पुढच्या आठवड्यात येत नाही. म्हणून उशिरा आलेल्यासाठी छोट्या डावाचं टेबल कायम चालू हवं, आणि ते चालू असतं हे भाषणात सांगितलेलं हवं. कोडनेम्स इंग्रजी शब्दांवर चालतो, त्यामुळे मराठी माध्यमातून आलेली मुलं सुरुवातीला बिचकतात. त्यावर सोपा उपाय आहे. २५ मराठी शब्दांच्या चिठ्ठ्या स्वतः लिहा आणि ५ बाय ५ मांडा. कोणत्या चिठ्ठ्या कोणाच्या हे फक्त दोन्ही गटनायकांना दाखवायचं: सुरू करणाऱ्या गटाच्या ९, दुसऱ्याच्या ८, कोणाच्याच नसलेल्या ७ आणि उचलली की हरलात अशी १. ‘वडापाव’, ‘सबमिशन’, ‘मेगाब्लॉक’ असल्या चिठ्ठ्या असल्या की टेबलाभोवती गर्दी होते. भाषणात त्यातले दोन शब्द उच्चारले तरी हशा मिळतो आणि निरोपही पोचतो.

टेबलं चारच असतील तर चारच म्हणा. हॉलमध्ये दीडशे आहेत आणि त्यातले साठ पहिल्याच मंगळवारी आले तर काय, हे आधी ठरवा. कोडनेम्सला एका टेबलावर आठ जण, कटानला चार, कॅरमला चार. दोन टेबलं कोडनेम्सची ठेवली तर एका वेळी २४ जण बसतात. त्याहून जास्त येतील असं वाटत असेल तर भाषणातच विभागणी करा: ‘या मंगळवारी कॉम्प्युटर आणि आयटी, पुढच्या मंगळवारी बाकीच्या शाखा.’ हे ऐकायला रुक्ष वाटतं, पण येऊन उभं राहावं लागलं की ते जास्त लागतं.

बुधवारचा कार्यक्रम आकाराने लहान, पण त्यात एक अडचण दडलेली असते आणि तिचं उत्तर भाषणातच द्यावं लागतं. कन्सोलवर साधारण पद्धत ‘जिंकेल तो बसेल’ अशी असते. टेकनची एक लढत, तीनपैकी दोन डावांची, पाच-सहा मिनिटांत आटोपते. खोलीत बारा जण आहेत आणि एक जण सगळ्यांना हरवतोय असं समजा. एका कन्सोलवर नव्या मुलाची पाळी एकदा येऊन गेली की पुन्हा यायला तासभर लागतो, आणि दर पाळीला तो पाच मिनिटांत उठतो. दोन महिन्यांत त्या खोलीत तेच सहा चेहरे उरतात, आणि मग क्लबवाले म्हणतात की नव्यांना रस नाही.

त्याऐवजी पहिला तास ‘दोन लढती खेळा आणि उठा’ हा नियम लावा, जिंकलात तरी. दोन कन्सोलवर बारा जण म्हणजे प्रत्येकाकडे सहा, तीन जोड्या. एका जोडीच्या दोन लढती १०-१२ मिनिटं. म्हणजे पाळी येण्यासाठी वीस-पंचवीस मिनिटं थांबावं लागतं, तेवढं कोणीही थांबतं. सव्वासहानंतर मुरलेल्यांनी हवं ते करावं. भाषणात हे तीन वाक्यांत बसतं:

> बुधवारी सव्वापाच, रिक्रिएशन रूम. एका कन्सोलवर टेकन, दुसऱ्यावर फुटबॉल, कंट्रोलर आपलेच आहेत. पहिला तास नियम एकच: दोन लढती खेळायच्या आणि उठायचं, जिंकलात तरी, त्यामुळे पाळी सगळ्यांना मिळते, कुठलं बटण कशाचं हे माहीत नसेल तर दारातच सांगा, शेजारी एक जण बसून दाखवेल.

फुटबॉलच्या खेळात एका हाफची लांबी सेटिंगमधून बदलता येते. ती चार मिनिटांवर आणून ठेवा, नाहीतर एका कन्सोलचा वेग दुसऱ्याच्या निम्मा होतो आणि फुटबॉलची रांग भिंतीपर्यंत जाते.

स्वागताची छोटी स्पर्धा जाहीर करायची असेल तर तीही बुधवारीच. आठ जणांची, दोनदा हरल्यावरच बाहेर पडायची पद्धत ठेवली तर १४ लढती होतात, शेवटचा सामना पुन्हा खेळावा लागला तर १५. सहा मिनिटांच्या हिशेबाने एका कन्सोलवर दीड तास. एका संध्याकाळात मावतं, आणि प्रत्येकाला निदान दोन लढती मिळतात. सोळा जण घेतले तर ३० लढती होतात, म्हणजे एका कन्सोलवर तीन तास, आणि साडेसातला खोलीची किल्ली परत द्यायची असते. स्टेजवर उत्साहात ‘कोणीही नाव द्या’ म्हणू नका. आठ जागा, पुढच्या आठवड्यात पुन्हा आठ, असं म्हणा.

ऑनलाइन कार्यक्रम: थोडक्यात, पण अटींसह

शुक्रवारच्या बीजीएमआयबद्दल हॉलमधल्या निम्म्या मुलांना समजावून सांगावं लागत नाही. त्यांना हवं असतं ते एवढंच: रूमचा आयडी कधी येतो, स्क्वॉड नसेल तर काय, किती सामने. कस्टम रूममध्ये १०० जण मावतात, म्हणजे चौघांचे २५ स्क्वॉड. क्लबला तेवढे कधीच लागत नाहीत, पण एक गडबड नक्की होते. आयडी-पासवर्ड तीन ग्रुपवर टाकले की कॉलेजबाहेरचे लोक आत येतात, आपल्यांच्या स्लॉटवर बसतात आणि सामना सुरू व्हायला पाऊण तास लागतो. म्हणून आयडी एकाच ठिकाणी आणि पंधरा मिनिटं आधी द्या, आणि स्लॉट नंबर ठरवून द्या.

> शुक्रवारी रात्री सव्वानऊला अनाउन्समेंट ग्रुपवर रूम आयडी येतो. साडेनऊला सामना सुरू, कोणासाठी थांबत नाही. तीन सामने, साडेअकराच्या आत संपतात. स्क्वॉड नसेल तर गुरुवारी संध्याकाळपर्यंत फॉर्ममध्ये ‘एकटा’ किंवा ‘एकटी’ लिहा, आम्ही चौघं जुळवून देतो.

शेवटचं वाक्य गाळू नका. पहिल्या वर्षाच्या मुलाकडे कॉलेजातला स्क्वॉड नसतो, ओळखीच नसतात. जुळवून देण्याचं काम गुरुवारी संपवा. शुक्रवारी नऊला ते होत नाही. अजून एक बारकावा म्हणजे अठरा पूर्ण न झालेल्यांना बीजीएमआय दिवसाला तीन तासच खेळू देतं. पहिल्या वर्षाला सतरा वर्षांची मुलं बरीच असतात. दुपारी दोन तास खेळून बसलेला दुसऱ्या सामन्याच्या मध्येच बाहेर फेकला जातो आणि त्याचे तिघं सोबती अडकतात. हे भाषणात नको, पण शुक्रवारच्या फॉर्ममध्ये एक ओळ असू द्या.

व्हॅलोरंटबद्दल बोलताना ते कुठे चालत नाही ते आधी सांगा. ‘कॉम्प्युटर लॅबमध्ये खेळायला मिळेल का?’ हा प्रश्न दरवर्षी येतो. या खेळासोबत व्हॅनगार्ड नावाचं फसवणूकविरोधी सॉफ्टवेअर बसवावं लागतं. ते संगणक चालू होतानाच सुरू होतं आणि यंत्रणेत खोलवर शिरतं. लॅब असिस्टंट ते बसवू देत नाही, आणि त्याचं बरोबर आहे. स्वतःच्या लॅपटॉपवर विंडोज ११ असेल तर सिक्युअर बूट आणि टीपीएम २.० चालू असावं लागतं. जुन्या लॅपटॉपवर ते बायोसमध्ये जाऊन चालू करावं लागतं, आणि हे शनिवारी रात्री नऊला कळून उपयोग नाही. भाषणात एवढंच: ‘शनिवारी खेळायचं असेल तर शुक्रवारपर्यंत एकदा उघडून, सरावाच्या मैदानात पाच मिनिटं फिरून बघा.’ डाउनलोड मोठं असतं, होस्टेलच्या वाय-फायवर रात्रभर लावून ठेवावं लागतं. शिवाय काही होस्टेलांच्या नेटवर्कवर गेमचे पोर्टच बंद असतात. लॉगिन होतं आणि सामना सुरू होताना अडकतं. हे लक्षण दिसलं की मोबाइलच्या हॉटस्पॉटवर लावून बघायचं. तिथे चाललं तर दोष नेटवर्कचा, लॅपटॉपचा नाही.

दहा जण जमले तरच पाच-पाचचा सामना होतो. नऊ आले तर एकाला बाजूला बसवण्यापेक्षा क्लबमधल्या एका जुन्याने राखीव राहावं. तो राखीव कोण हे दर शनिवारी ठरलेलं असू द्या.

नियम, पण धमकीच्या सुरात नको

शंभर शब्दांत तीन गोष्टी बसतात. पहिली, माइकवरची भाषा. ‘शिव्या देऊ नका’ एवढं म्हटलं की हॉल हसतो आणि विषय संपतो. काय होणार ते सांगा: पहिल्या वेळी त्या सामन्यापुरता माइक बंद, दुसऱ्या वेळी दोन आठवडे रूममध्ये प्रवेश नाही, आणि तक्रार कोणाकडे करायची त्या दोघांकडे बोट करा. त्यातली एक मुलगी असावी. मुली ऑनलाइन रूममध्ये माइक बंद ठेवून खेळतात, याचं कारण तुम्हाला माहीत असतं, आणि त्यांनाही हे ऐकायचं असतं की क्लबलाही ते माहीत आहे.

दुसरी, पैसा. ‘क्लबमध्ये पैसे लावून कुठलाही खेळ होत नाही’ हे वाक्य स्पष्ट उच्चारा. २०२५च्या ऑनलाइन गेमिंगच्या केंद्रीय कायद्याने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली आहे. ऑनलाइन सामन्यासाठी प्रत्येकाकडून पन्नास रुपये घेऊन ते विजेत्याला रोख वाटणं ही कॉलेजातली जुनी सवय आता सोडलेलीच बरी. बक्षीस द्यायचंच असेल तर क्लबच्या निधीतून, कॅन्टीनच्या कूपनसारखं काहीतरी.

तिसरी, परीक्षा. ‘इंटर्नलच्या आठवड्यात आणि सबमिशनच्या आठवड्यात चारही कार्यक्रम बंद’ असं एक वाक्य. ते समोर बसलेल्या सरांसाठीही आहे, हे उघड आहे.

शेवटचं मिनिट आणि क्यूआर कोड

शेवटी एकच काम द्या. फॉर्म भरा, इन्स्टा फॉलो करा, डिस्कॉर्डला या, व्हॉट्सअ‍ॅपला या, अशी चार कामं दिली तर एकही होत नाही. व्हॉट्सअ‍ॅपचं एकच दार ठेवा, बाकी दुवे तिथे आत द्या.

साध्या ग्रुपऐवजी कम्युनिटी बनवून तिच्या अनाउन्समेंट ग्रुपमध्ये घ्या. साध्या ग्रुपमध्ये प्रत्येकाचा नंबर दीडशे अनोळखी लोकांना दिसतो, आणि त्याच रात्री कोणाला तरी ‘हाय’ येतं. अनाउन्समेंट ग्रुपमध्ये सभासदांना एकमेकांचे नंबर दिसत नाहीत, फक्त अ‍ॅडमिनना दिसतात. हे स्टेजवरून सांगा, त्याने मुलींची संख्या बदलते.

कोडचा आकार अंतराच्या दहाव्या भागाएवढा हवा. शेवटची रांग पडद्यापासून १५ मीटरवर असेल तर पडद्यावर कोड दीड मीटर रुंद दिसला पाहिजे. म्हणजे त्या स्लाइडवर दुसरं काही मावणार नाही, आणि मावायला नकोच. पार्श्वभूमी पांढरी, कोड काळा. क्लबच्या जांभळ्या-निऑन रंगांत केलेला कोड मंद प्रोजेक्टरवर वाचला जात नाही. फुकट ‘डायनॅमिक’ कोड देणाऱ्या काही साइट ठराविक दिवसांनी तो बंद करतात, तेव्हा साधा कोड वापरा. आणि एकदा स्लाइड बनली की ग्रुपची लिंक कोणीही रीसेट करू नये. रीसेट केली की जुना कोड मेला.

कोड दाखवल्यावर गप्प राहा. वीस सेकंद. बोलत राहिलात तर मुलं फोन काढत नाहीत. त्यानंतर चारही कार्यक्रमांची एक स्लाइड, दिवस-वेळ-जागा मोठ्या अक्षरांत, आणि त्याखाली तेच हिंदीत. हॉलमध्ये परराज्यातली मुलं असतात, भाषण मराठीत असलं तरी वेळ आणि जागा त्यांनाही कळली पाहिजे.

> आता फोन काढा, हा कोड स्कॅन करा. (थांबा.) आत गेल्यावर तुमचा नंबर अ‍ॅडमिन सोडून कोणाला दिसणार नाही. आज रात्री नऊला तिथे एक मेसेज येईल, त्यात चारही कार्यक्रमांची जागा आणि वेळ असेल. मंगळवारी सव्वापाचला कॅन्टीनच्या मागे भेटू.

तालीम

मोठ्याने, उभं राहून, घड्याळ लावून दोनदा वाचा. ऐकायला क्लबबाहेरचा एक जण बसवा, शक्यतो गेम न खेळणारा. संपल्यावर त्याला दोनच प्रश्न विचारा: मंगळवारी कुठे यायचं? आणि आल्यावर कोण भेटेल? दोन्हींची उत्तरं आली नाहीत तर भाषण अजून तयार नाही. मध्ये तो कुठे अडखळला तेही विचारा. ‘स्क्रिम’, ‘लॉबी’, ‘ब्रॅकेट’ असे शब्द तिथे सापडतील. ते काढा, किंवा साध्या शब्दांत फोडा.

रात्री नऊचा मेसेज आधी लिहून ठेवा आणि नऊलाच टाका. मंगळवारी दुपारी दोनला एक आठवण टाका, सकाळी नको. लेक्चर सुटेपर्यंत सकाळचा मेसेज खाली गेलेला असतो.

आणि भाषण एकदाच होत नाही. प्रवेशाच्या फेऱ्या लांबतात, शेवटच्या फेरीतली मुलं ओरिएंटेशन उलटून गेल्यावर येतात, डिप्लोमाहून थेट दुसऱ्या वर्षाला येणारी तर त्याहून उशिरा. त्यांच्यासाठी दीड मिनिटाची आवृत्ती तयार ठेवा आणि सीआरला विचारून लेक्चर सुरू व्हायच्या आधी वर्गात जाऊन बोला. सुरुवात आणि क्लबची ओळख मिळून दोन वाक्यं, मंगळवारचा परिच्छेद जसाच्या तसा, बुधवारसाठी एक वाक्य, ऑनलाइन कार्यक्रमांची फक्त नावं. कोड ए-फोर कागदावर छापून पहिल्या बाकावर द्या, तो हातोहात मागे जातो.